महाबळेश्वर डर्बनच्या अक्षांशावर होतं, हे कातळाला कसं ठाऊक?

पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या गडांवर गर्दी उसळते. त्यातला कोणीतरी माथ्यावरच्या उघड्या कातळावर होकायंत्र ठेवतो आणि काटा भलतीकडेच वळतो. हातभर बाजूला सरकवलं की आणखी तिसरीच दिशा. याचे व्हिडिओ फिरतात, खाली ‘गूढ ऊर्जा’, ‘गडाखाली लोखंडाची खाण’ असली स्पष्टीकरणं येतात. खरं उत्तर साधं आहे: आपला काळा कातळ स्वतःच एक अशक्त चुंबक आहे, आणि माथ्यावर जिथे वीज पडली असेल तिथे तो तेवढ्यापुरता बराच जोरकस चुंबक झालेला असतो.

विजेची गोष्ट पुढे येईलच, कारण ती या विषयातली मोठी डोकेदुखी आहे. पण कातळाच्या त्या मूळच्या, अशक्त चुंबकत्वात जास्त रंजक माहिती दडलेली आहे. त्यावरून कळतं की महाबळेश्वरचा कातळ थिजला तेव्हा ती जागा विषुववृत्ताच्या उत्तरेला 18 अंशांवर नव्हती, दक्षिणेला सुमारे 29 अंशांवर होती. म्हणजे आज दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन ज्या अक्षांशावर आहे, साधारण तिथे. खंड सरकतात हे आपण शाळेत आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे जुळवून शिकलो. मला तो पुरावा कधीच फारसा पटला नव्हता. किनारे काय, ढगांचे आकारही जुळतात. दगडातलं चुंबकत्व मात्र थेट आकडा देतं आणि तो आकडा कसा निघाला ते पायरी-पायरीने तपासता येतं.

काटा फक्त उत्तर दाखवत नाही

होकायंत्राचा काटा उत्तरेकडे वळतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो खालीही झुकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं, कारण नेहमीच्या होकायंत्रात काट्याला आडवं ठेवायची सोय केलेली असते. चुंबकीय सुई बरोबर मध्यावर दोऱ्याने टांगली, तर महाराष्ट्रात तिचं उत्तरेकडचं टोक आडव्या पातळीच्या बरंच खाली जातं. या झुकण्याच्या कोनाला आपण ‘कल’ म्हणू. या लेखात लक्षात ठेवायचा शब्द हा एवढाच.

हा कल जागेनुसार बदलतो आणि त्यात एक शिस्त आहे. पृथ्वीच्या पोटात एक मोठा पट्टीचुंबक उभा ठेवला आहे अशी कल्पना करा. (प्रत्यक्षात तिथे वितळलेल्या लोखंडाचे प्रवाह आहेत, पण बाहेरून दिसणारा परिणाम तसाच असतो.) त्याच्या बलरेषा दक्षिण गोलार्धात जमिनीतून वर येतात, कारंज्याच्या धारांसारख्या वळतात आणि उत्तर गोलार्धात परत जमिनीत शिरतात. विषुववृत्तावर त्या जमिनीला समांतर असतात, म्हणून तिथे सुई आडवी. जसजसं उत्तरेला जावं तसतसं टोक खाली झुकत जातं, ध्रुवावर सुई थेट पाताळाकडे बघते. दक्षिण गोलार्धात याच्या उलट: उत्तरेकडचं टोक वर उचललं जातं. म्हणूनच युरोपसाठी बनवलेलं स्वस्त होकायंत्र ऑस्ट्रेलियात नेलं की काटा तिरका होऊन तबकडीला घासतो. होकायंत्र बनवणाऱ्या कंपन्या जगाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी काट्याचं वजन वेगळं साधतात.

कल आणि अक्षांश यांचं नातं एका ओळीत मावतं:

tan(कल) = 2 × tan(अक्षांश)

म्हणजे एखाद्या जागचा कल कळला की तिथला अक्षांश कळला, आणि आकाशाकडे बघायची गरजही पडली नाही. उरला प्रश्न इतकाच, की साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा कल मोजायला तेव्हा सुई कोणी टांगली होती?

लाव्हा थिजताना

सुया दगडातच होत्या. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मॅग्नेटाइटच्या जातीच्या खनिजांचे बारीक कण विखुरलेले असतात. लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचं तापमान अकराशे अंश सेल्सियसच्या वर असतं. लाव्हा घट्ट झाला, कण तयार झाले, तरी इतक्या उष्णतेत त्यांना चुंबकत्व टिकवता येत नाही. शुद्ध मॅग्नेटाइटसाठी ही मर्यादा 580 अंश आहे. त्यात टायटॅनियम मिसळलेलं असेल तर आणखी खाली. दगड त्या तापमानाखाली उतरला की कणांमध्ये चुंबकत्व जागं होतं आणि त्या क्षणी भोवती पृथ्वीचं जे चुंबकीय क्षेत्र असेल त्याच्या बाजूला त्याचा तोल किंचित झुकतो. तापमान आणखी उतरलं की तो झुकाव पक्का होतो.

पूर्वी पार्सलवर लाख वितळवून शिक्का मारत, ते आठवा. लाख पातळ असताना शिक्का उमटतो, पण टिकत नाही. ती थंडावली की उमटलेली आकृती तशीच राहते, मग शिक्का हलवा नाहीतर फेकून द्या. इथे लाख म्हणजे दगडातले कण आणि शिक्का म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र. एक बारकावा मात्र लक्षात घ्यावा. कण जागचे हलत नाहीत, फिरत नाहीत; दगड तेव्हा केव्हाच घट्ट झालेला असतो. बदलते ती कणाच्या आतली चुंबकीय दिशा.

इतका काळ ही दिशा टिकते कशी, असा प्रश्न कोणालाही पडेल. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नील यांनी 1949 मध्ये त्याचं गणित मांडलं. कण पुरेसा बारीक असेल तर तो आतून एकसंध चुंबक असतो आणि त्याची दिशा उलटवायला ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. तापमान कमी होतं तसा हा उंबरठा झपाट्याने उंच होत जातो. पाचशे अंशांना मिनिटभरात दिशा बदलू शकणारा कण हवेच्या नेहमीच्या तापमानाला पृथ्वीच्या वयाहूनही जास्त काळ ती धरून ठेवू शकतो.

आंबेनळी घाटातून प्रयोगशाळेत

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना आपण लाव्ह्याच्या थरांवर थर ओलांडत जातो. भूवैज्ञानिकांनी या थरांच्या गटांना नावंही इथलीच दिली आहेत: खाली पोलादपूर, त्यावर आंबेनळी, माथ्याकडे महाबळेश्वर. नमुने घ्यायला ही जागा सोयीची, कारण रस्त्यासाठी खोदलेल्या कापात ताजा, न कुजलेला दगड समोर येतो.

पेट्रोलवर चालणारं, हातात धरायचं ड्रिल असतं, त्याच्या पोकळ नळीच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवलेले. पाणी सोडत सोडत त्याने कातळात सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडतात. रुपयाच्या जुन्या स्टीलच्या नाण्याएवढं. आतला दगडाचा दांडा लगेच तोडायचा नाही, सगळी गोम इथेच आहे. तो जागेवर असतानाच त्याची दिशा आणि तिरकेपणा मोजून त्याच्यावर रेघ मारावी लागते. ही खूण चुकली तर पुढे कितीही महागडं यंत्र वापरा, उत्तर निरर्थक. आणि बेसाल्टजवळ साधं होकायंत्र दगा देऊ शकतं, म्हणून सूर्यकंपास वापरतात: मध्ये उभी काडी, तिची सावली कुठे पडली ते आणि घड्याळातली वेळ नोंदवायची. सूर्य कुठे असतो ते गणिताने काढता येतं, त्यावरून खरी उत्तर मिळते. एका थरातून असे सहा-आठ दांडे घेतात आणि मग पुढचा थर.

प्रयोगशाळेत दांड्याचे लहान तुकडे कापतात आणि त्यांचं चुंबकत्व संवेदनशील यंत्राने मोजतात. पहिलं मोजमाप मात्र कोणी अंतिम धरत नाही, कारण दगडाच्या आठवणीत नंतरची भर पडलेली असते. कोट्यवधी वर्षं तो पृथ्वीच्या बदलत्या क्षेत्रात पडून आहे, त्यातले कच्चे कण अलीकडच्या क्षेत्राकडे वळून बसलेले असतात. ही भर काढण्यासाठी नमुना चुंबकीय क्षेत्र नसलेल्या भट्टीत 100 अंशांपर्यंत तापवतात, थंड करतात, मोजतात. मग 150, 200, असं चढत चढत 580 पर्यंत. जुन्या भिंतीवरचे रंगाचे थर एकेक करून खरवडावेत तसं हे काम आहे. कच्चे कण कमी तापमानालाच आपली दिशा विसरतात, पक्के शेवटपर्यंत धरून ठेवतात. सुरुवातीच्या पायऱ्यांना दिशा भरकटत असते, आणि मग एका टप्प्यानंतर ती स्थिर होते. फक्त जोर कमी कमी होत शून्याकडे जातो. ही स्थिर दिशा म्हणजे दगडाची मूळ आठवण.

हे सगळं सुरू झालं त्यामागे एक फसलेला प्रयोग आहे. पॅट्रिक ब्लॅकेट हे नोबेल मिळालेले ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ. फिरणाऱ्या प्रत्येक जड वस्तूला आपोआप चुंबकत्व येत असावं, असा त्यांचा अंदाज होता. तो तपासायला त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडून सोनं मिळवून 15 किलोंहून जास्त वजनाचं शुद्ध सोन्याचं नळकांडं वापरलं आणि अतिसंवेदनशील चुंबकमापक बांधला. अंदाज खोटा निघाला, 1952 मध्ये त्यांनी तसं प्रामाणिकपणे छापलंही. पण हाताशी उत्तम यंत्र उरलं, आणि ते दगडांकडे वळले. त्यांच्या गटातल्या क्लेग, डॉयच आणि ग्रिफिथ्स यांनी 1956 मध्ये दख्खनच्या कातळाची मोजमापं प्रसिद्ध केली. पाठोपाठ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे क्लेग यांच्यासोबत राजमहालच्या टेकड्यांतल्या दगडांवर काम करू लागले. त्याच सुमाराला केंब्रिजमध्ये टेड अर्विंग या विद्यार्थ्याने भारतीय दगडांवरून भारत उत्तरेकडे सरकल्याचं दाखवलं होतं. 1954 मध्ये केंब्रिजने त्याचा पीएचडीचा प्रबंध नापास केला.

आता आकडेमोड

नंतरच्या दशकांत दख्खनच्या शेकडो ठिकाणांची मोजमापं जमा झाली. ती सगळी एकत्र केली आणि महाबळेश्वरसाठी हिशेब मांडला, तर कातळातल्या सुईचं उत्तर टोक वायव्येकडे, म्हणजे उत्तरेच्या सुमारे 25 अंश डावीकडे वळलेलं आणि सुमारे 48 अंश वर उचललेलं मिळतं.

वर उचललेलं, म्हणजे दक्षिण गोलार्ध. 48 अंशांची टॅन साधारण 1.11. तिची निम्मी 0.555. ज्या कोनाची टॅन 0.555 असते तो कोन 29 अंश. झालं. महाबळेश्वर आज 18 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 29 अधिक 18, एकूण 47 अंशांचा प्रवास. एका अक्षांशाला 111 किलोमीटर धरले तर सव्वापाच हजार किलोमीटर भरतात. दगडाचं वय चुंबकत्वातून कळत नाही, ते पोटॅशियमपासून तयार होणाऱ्या अर्गॉन वायूच्या मोजणीसारख्या पद्धतींनी वेगळं काढावं लागतं. दख्खनसाठी ते सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षं येतं. भागाकार केला की वर्षाला सरासरी आठ सेंटिमीटर. नखं ज्या वेगाने वाढतात त्याच्या दुप्पट-अडीचपट.

डावीकडे वळलेले ते 25 अंशही वाया जात नाहीत. सुई तेव्हा उत्तरेकडेच बघत होती. आज ती वायव्येकडे बघते, याचा अर्थ तिच्यासकट सगळं भारतीय भूखंड तेव्हापासून घड्याळाच्या उलट दिशेने तेवढं वळलं आहे.

पण पृथ्वीचं क्षेत्र तर रोज बदलतं!

बरोबर, आणि हा आक्षेप घरच्याच पुराव्याने तपासता येतो. मुंबईत कुलाब्याला 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने उपकरणं बिघडणार, म्हणून 1904 मध्ये हे काम अलिबागला हलवलं. अलिबागचा अक्षांश 18.6 अंश. वरचं सूत्र लावलं तर तिथला कल 34 अंश यायला हवा. प्रत्यक्षात तो आठेक अंशांनी कमी भरतो.

म्हणजे सूत्र चुकलं? नाही. पृथ्वीच्या पोटातला तो काल्पनिक पट्टीचुंबक आज नेमका सरळ उभा नाही, कललेला आहे, शिवाय क्षेत्रात इतर खाचखळगेही आहेत. हे सगळं शतकानुशतकं हलत राहतं. पण काही हजार ते लाखभर वर्षांची सरासरी घेतली की हे डोलणं एकमेकांना खोडून काढतं आणि चुंबकाचा अक्ष पृथ्वीच्या फिरण्याच्या अक्षाशी जुळतो. भोवरा डोलत असला तरी तो कोणत्या बिंदूभोवती डोलतो आहे ते पुरेसा वेळ बघितल्यावर कळतं, तसं.

लाव्ह्याचा एक थर थोड्या वर्षांत थंड होतो, म्हणून एक थर म्हणजे डोलणाऱ्या भोवऱ्याचा एकच फोटो. नुसत्या एका थरावरून अक्षांश काढला तर अलिबागसारखीच चूक होईल. अलिबागचा आजचा कल सूत्रात घातला तर गाव पाचेक अंश दक्षिणेला, कर्नाटकात उडुपीच्या आसपास जाऊन बसतं! म्हणून घाटातून एकावर एक अनेक थर मोजायचे, प्रत्येकाला एक मत द्यायचं आणि सरासरी घ्यायची. गोलावर विखुरलेल्या अशा दिशांची सरासरी आणि तिच्यातली संभाव्य चूक कशी काढायची, हे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1953 मध्ये सांगितलं. आइसलँडच्या लाव्ह्यावर काम करणाऱ्या यान हॉस्पर्स या केंब्रिजच्याच विद्यार्थ्याच्या मोजमापांकडे बघतानाच त्यांनी त्यात लक्ष घातलं होतं. दख्खनच्या एकत्रित आकड्यात आज दोन-तीन अंशांची अनिश्चितता आहे. म्हणजे दोन-तीनशे किलोमीटर इकडेतिकडे. 47 अंशांच्या प्रवासापुढे ती किरकोळ आहे.

ही आठवण नंतर कोणी बदलली नसेल कशावरून?

इथे ती वीज येते. वीज कातळात शिरते तेव्हा हजारो अँपिअरचा प्रवाह क्षणभर वाहतो आणि त्याच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून कितीतरी पट मोठं असतं. थंड दगडातले कणही त्याच्यापुढे वळतात. सह्याद्रीच्या सड्यांवर अशा जागा भरपूर आहेत. त्या ओळखायला फार अवघड नसतात: चुंबकत्वाचा जोर नेहमीपेक्षा दहापट-शंभरपट, आणि हातभर अंतरावरच्या दोन नमुन्यांच्या दिशा एकमेकींशी अजिबात जुळत नाहीत. ट्रेकरच्या होकायंत्राने दाखवलं ते हेच. म्हणून अनुभवी माणूस माथ्यावर ड्रिल लावत नाही; रस्त्याच्या कापात किंवा खाणीत, आतल्या दगडाला लावतो.

विजेपेक्षा गुपचूप झालेले बदल पकडायला दोन कसोट्या मला सगळ्यात आवडतात. पहिली घाटातून जाताना सगळ्यांनी पाहिलेली आहे, फक्त लक्ष दिलेलं नसतं. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कधीकधी विटकरी रंगाचा मातकट पट्टा दिसतो. खालचा लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला त्यात झिजून तयार झालेली ती माती आहे. वरून दुसरा लाव्हा आला तेव्हा तिचा वरचा भाग मडक्यासारखा भाजला गेला. भाजताना त्या मातीतल्या कणांनीही त्या वेळच्या क्षेत्राची नोंद घेतली. माती आणि लाव्हा, दोघांतली खनिजं वेगळी, तरी दोघांची दिशा एक आली तर ती भाजण्याच्या वेळचीच असणार. सगळ्या डोंगरावर नंतर एकच नवी दिशा चढली असती, तर पट्ट्यापासून दूरची, न भाजलेली मातीही तीच दिशा सांगती.

दुसरी कसोटी समजायला एक विचित्र गोष्ट मान्य करावी लागते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटं होतं: उत्तर ध्रुवाचा दक्षिण, दक्षिणेचा उत्तर. घाटातल्या कातळात हे प्रत्यक्ष सापडतं. पोलादपूर-आंबेनळीचे थर उलट्या काळातले आहेत, आणि महाबळेश्वरच्या गटात वर चढता चढता दिशा सुलट होते. खालच्या थरांतली सुई आग्नेयेकडे वळून 48 अंश खाली गेलेली, वरच्यांतली वायव्येकडे वळून 48 अंश वर आलेली. एकाच काडीची दोन टोकं जणू. नंतरच्या कुठल्या घटनेने सगळ्या डोंगराचं चुंबकत्व बदललं असतं, तर खालच्या आणि वरच्या थरांना एकच दिशा मिळाली असती. बरोबर 180 अंशांचा फरक टिकून राहणं हीच मूळ आठवण शाबूत असल्याची खूण.

उत्तर गोलार्धातला उलटा काटा तर नव्हे?

चाणाक्ष वाचक इथे अडवेल. क्षेत्र उलटं होऊ शकतं म्हणता, मग वर उचललेली सुई म्हणजे दक्षिण गोलार्ध कशावरून? उत्तर गोलार्धात, उलट्या काळात थंड झालेल्या दगडातही सुई वरच उचललेली असणार. शंका अगदी रास्त आहे, आणि फक्त दख्खनच्या कातळावर तिचं निःसंशय उत्तर देता येत नाही.

उत्तर झारखंडातल्या राजमहाल टेकड्यांत आहे. तिथला लाव्हा दख्खनच्या बराच आधीचा, सुमारे 11 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचा. तो अशा काळात पडला की ज्यात पृथ्वीचं क्षेत्र जवळजवळ चार कोटी वर्षं उलटलंच नाही, सलग सुलट राहिलं. 12 कोटींपासून 8 कोटी 30 लाख वर्षांपूर्वीपर्यंतचा हा काळ जगभरच्या समुद्रतळावर नोंदलेला आहे. तेव्हा उलट्या काट्याची पळवाट इथे बंद. राजमहालच्या दगडातली सुई सुमारे 65 अंश वर उचललेली आहे. सूत्र लावा: 47 अंश दक्षिण, म्हणजे न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाजवळच्या स्टुअर्ट बेटाचा अक्षांश. 11 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी 47 दक्षिण, 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खन 29 दक्षिण, आज उत्तर गोलार्ध. मधला टप्पा उत्तर गोलार्धातला मानला तर भारताला आधी विषुववृत्त ओलांडून, शिवाय दीडशे अंश गोल फिरून, परत यावं लागलं असतं.

भारत नाही, ध्रुवच सरकला असेल तर?

हा आक्षेप 1950 च्या दशकात गंभीरपणे घेतला गेला आणि तो खोडून काढणं सोपं नव्हतं. कातळ फक्त एवढंच सांगतो, की त्याच्यात आणि ध्रुवात तेव्हा किती अंतर होतं. दोघांपैकी कोण हललं, हे तो एकटा सांगू शकत नाही. स्टेशनात शेजारच्या रुळावरची गाडी हलली की आपलीच निघाली असं वाटतं, तसंच हे.

मग भारत जागचा हललाच नाही असं धरून पाहू. त्या वेळचा उत्तर ध्रुव कुठे असायला हवा? दख्खनच्या मोजमापांवरून तो 37 अंश उत्तर अक्षांश आणि 79 अंश पश्चिम रेखांशावर येतो. नकाशा उघडा: अमेरिकेतलं व्हर्जिनिया राज्य. आता उत्तर अमेरिकेतले त्याच वयाचे खडक मोजले, तर त्यांनी सांगितलेला ध्रुव व्हर्जिनियात यायला हवा. तो येत नाही. तो वर आर्क्टिककडेच, आजच्या ध्रुवापासून फार लांब नाही, असा येतो. युरोपचे खडक आणखी वेगळं काही सांगतात. एका वेळी पृथ्वीला एकच उत्तर ध्रुव असतो. प्रत्येक खंड आपल्याला वेगळा ध्रुव दाखवत असेल, तर खंडच एकमेकांच्या संदर्भात हलले. गाडीच्या खिडकीतून दोन वेगवेगळे खांब बघितले की कोण हलतंय ते कळतं, त्यातलाच हा प्रकार.

शेवटची मोहोर समुद्राने उठवली. 1963 मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेजवळची मोजमापं वापरून सांगितलं, की समुद्रतळावर सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे आहेत. तळ मधोमध फाटत नवा लाव्हा भरत गेला म्हणून ते तयार झाले. याच पट्ट्यांच्या रुंदीवरून भारताच्या प्रवासाचा वेगही दिसतो. आठ सेंटिमीटर ही सरासरी झाली. दख्खनच्या सुमाराला भारत वर्षाला 15 सेंटिमीटरहून जास्त वेगाने धावत होता आणि आशियाला भिडू लागल्यावर त्याचा वेग पडला.

जे या सुईला सांगता येत नाही

कलावरून अक्षांश कळतो, रेखांश कळत नाही. सुई सांगते की महाबळेश्वर 29 अंश दक्षिणेला होतं. आफ्रिकेच्या बाजूला की ऑस्ट्रेलियाच्या, याबद्दल ती मूक आहे, कारण पूर्व-पश्चिम सरकल्याने कल बदलतच नाही. रेखांशासाठी त्या समुद्रतळाच्या पट्ट्यांचा आधार घ्यावा लागतो, किंवा भूगर्भातून एकाच जागी वर येणाऱ्या उष्ण स्रोतांचा.

आणि त्या स्रोतापाशी आकडे जुळत नाहीत. दख्खनचा लाव्हा ज्या स्रोतातून आला तो आज मॉरिशसच्या शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक संशोधक मानतात. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही रांग म्हणजे भारत पुढे सरकत असताना त्या स्रोताने मागे सोडलेली पावलं. स्रोत जागेवरच राहिला असता, तर दख्खनचा कातळ रियुनियनचाच अक्षांश सांगता. रियुनियन आहे 21 अंश दक्षिणेला. आपला कातळ म्हणतो 27 ते 29. मोजमापातल्या चुकीपेक्षा हा फरक मोठा आहे. याच बेटरांगेवर समुद्रात ड्रिल करून काढलेल्या नमुन्यांनीही तसंच सुचवलं, की स्रोत पूर्वी आणखी दक्षिणेला होता. यातून दोन अर्थ निघतात: एकतर तो उष्ण स्रोत स्वतःच उत्तरेकडे वाहत आला, किंवा पृथ्वीचं सगळं कवच आणि त्याखालचा थर मिळून फिरण्याच्या अक्षाच्या तुलनेत थोडा घसरला. दुसरं खरं असेल, तर वर खोडलेल्या ‘ध्रुव सरकला’ या आक्षेपात काही अंशांपुरतं तथ्य होतं.